शेअर जास्त वर्षं ठेवले की जोखीम खरंच कमी होते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाद नेमका कशावरून आहे?

गुंतवणुकीच्या माहितीपत्रकांत एक आलेख हमखास असतो. डाव्या टोकाला एका वर्षाचे परतावे: खूप वर, खूप खाली. उजवीकडे सरकत जावं तसा पट्टा अरुंद होतो आणि तीस वर्षांपाशी तो शून्याच्या वर जाऊन बसलेला दिसतो. आडवं धरलेलं नरसाळंच म्हणा. त्याखाली वाक्य असतं: काळ जोखीम खाऊन टाकतो.

आलेख खोटा नाही. फक्त त्याच्या उभ्या अक्षावर काय लिहिलंय ते कोणी वाचत नाही. तिथे असतो सरासरी वार्षिक परतावा. तीस वर्षांनी तुमच्या हाती मात्र सरासरी परतावा पडत नाही, रक्कम पडते. उभ्या अक्षावर ती शेवटची रक्कम ठेवली की तेच नरसाळं उलटं होतं. डावीकडे अरुंद, उजवीकडे रुंद, आणि वर्षं वाढतील तसं आणखी रुंद.

दोन्ही आलेख एकाच आकडेवारीतून निघतात. म्हणून हा वाद आकड्यांचा कमी आणि प्रश्न कोणता विचारायचा याचा जास्त आहे. निदान पहिला अर्धा भाग तरी. उरलेल्या अर्ध्या भागात आकड्यांवरही खरं भांडण आहे, त्याकडे नंतर येऊ.

एक उदाहरण आकड्यांनिशी दाखवाल का?

१०० ची एकरकमी गुंतवणूक घेऊ. मध्ये भर घालायची नाही, काही काढायचं नाही. महागाई वजा जाता मधला परतावा वर्षाला साधारण ५ टक्के, वर्षाचा चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, २० टक्के. प्रत्येक वर्ष आधीच्या वर्षापासून पूर्ण स्वतंत्र, नाणं नव्याने उडवावं तसं. हे शेवटचं गृहीतक वादग्रस्त आहे, पण सुरुवात तिथूनच करावी लागते. गणित लॉग परताव्यांवर, म्हणजे वाढीच्या गुणकाच्या लॉगरिदमवर, केलं आहे.

खालच्या तक्त्यात ‘वाईट’ म्हणजे २० पैकी एका वेळी निकाल याहूनही खाली जाईल, आणि ‘उत्तम’ म्हणजे २० पैकी एका वेळी याहूनही वर. ‘मधली’ म्हणजे निम्म्या वेळा निकाल याच्या खाली, निम्म्या वेळा वर.

| काळ | वाईट रक्कम | मधली रक्कम | उत्तम रक्कम | वाईट ते उत्तम, वार्षिक दर |
|---|---|---|---|---|
| १ वर्ष | ७६ | १०५ | १४६ | −२४ ते +४६ टक्के |
| १० वर्षं | ५८ | १६५ | ४६७ | −५.३ ते +१६.७ टक्के |
| ३० वर्षं | ७४ | ४४८ | २,७१७ | −१.० ते +११.६ टक्के |

शेवटचा रकाना पाहिला तर माहितीपत्रकवाले बरोबर. सत्तर टक्क्यांची रुंदी तेरावर आली. मधले रकाने पाहिले तर टीकाकार बरोबर. एका वर्षानंतर वाईट आणि उत्तम यांच्यात दुपटीहून कमी फरक होता, तीस वर्षांनंतर तो जवळजवळ ३७ पट झाला.

दरवर्षी एक टक्का कमी किंवा जास्त हे ऐकायला किरकोळ वाटतं. तीस वर्षांच्या चक्रवाढीत तोच एक टक्का शेवटच्या रकमेचा चौथा ते तिसरा हिस्सा हलवतो. दराची रुंदी वर्षांच्या वर्गमुळाने आकसते. पण तो दर चक्रवाढीने लागतो पूर्ण वर्षांना. गुणाकार करून उरतं ते पुन्हा वर्गमुळच, पण वाढणारं:

```
सरासरी दराचं विचलन   = σ / √T
एकूण परताव्याचं विचलन = σ × √T
```

σ म्हणजे वर्षाचा चढउतार, T म्हणजे वर्षं. वाद इतका जुना आणि त्याचं मूळ या दोन ओळींत.

पण तोटा होण्याची शक्यता तर कमी होते ना?

होते, आणि ते नाकारायचं कारण नाही. आपल्या उदाहरणात मुद्दलाखाली राहण्याची शक्यता एका वर्षानंतर ४० टक्के, दहा वर्षांनंतर २१ आणि तीस वर्षांनंतर ८.५ टक्के.

आता तेच दुसऱ्या बाजूने बघा. सर्वांत वाईट एक टक्का निकाल घेतले, शंभरातला एक, तर एका वर्षानंतर १०० चे ६६ उरतात. दहा वर्षांनंतर ३८. तीस वर्षांनंतर ३५. तोटा क्वचित होतो, पण होतो तेव्हा खोल होतो. ‘शक्यता’ आणि ‘खोली’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शक्यता कमी झाली की जोखीम कमी झाली असं म्हणणारा खोली मोजायचीच विसरलेला असतो. घराला आग लागायची शक्यताही फार कमी असते. म्हणून कोणी विमा बंद करत नाही.

शिवाय मुद्दलाशी तुलना करणं हाच थोडा लबाडीचा मापदंड आहे. तीस वर्षं पैसे अडकवणाऱ्याला पर्याय उशीखाली ठेवलेल्या नोटांचा नसतो, सुरक्षित रोख्यांचा असतो. समजा असा रोखा महागाईवर २ टक्के देतो. तीस वर्षांत १०० चे १८२ झाले असते. शेअर या १८२ च्या खाली राहण्याची शक्यता आपल्या उदाहरणात सुमारे २१ टक्के येते, ८.५ नव्हे. आणि वाईट निकालात, म्हणजे ७४ वर, तुम्ही रोख्यापेक्षा ५९ टक्क्यांनी मागे असता. एका वर्षाच्या वाईट निकालात ही पिछाडी फक्त २६ टक्के होती.

सॅम्युएलसन आणि त्यांच्या सहकाऱ्याची पैज ही काय गोष्ट आहे?

अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएलसन यांनी १९६३ साली एका छोट्या लेखात ती सांगितली. त्यांनी जेवणाच्या टेबलावर सहकाऱ्यांपुढे एक पैज ठेवली: नाणं उडवू, तुमची बाजू पडली तर तुम्हाला २०० डॉलर, नाही पडली तर तुमचे १०० जाणार. एक सहकारी म्हणाला, एकदाच खेळायचं असेल तर नको, १०० गेल्याचं दुःख २०० मिळाल्याच्या आनंदाहून मोठं असेल. पण अशा शंभर पैजा एकापाठोपाठ लावत असाल तर मी तयार आहे.

सामान्य माणसाला हे अगदी शहाणपणाचं वाटतं. शंभर वेळा खेळलं तर अपेक्षित कमाई ५,००० आणि एकूण तोट्यात जाण्याची शक्यता दोन हजारांत एक अशी काहीतरी. कोण नाही म्हणेल?

सॅम्युएलसन यांचं म्हणणं, हे उत्तर स्वतःशीच विसंगत आहे. समजा ९९ पैजा झाल्या. आता शंभरावी खेळायची की नाही? ती तर एकटीच उरलेली पैज, आणि एकटी पैज या माणसाला नको आहे. मग शंभरावी तो सोडणार. ती सुटली की नव्व्याण्णवावी शेवटची झाली, तीही सुटणार. असं मागे येत येत पहिलीपर्यंत पोचतो.

या युक्तिवादाला एक अट आहे आणि ती बहुतेक वेळा सांगायची राहून जाते. त्या माणसाला एकटी पैज *कुठल्याही* संपत्तीवर नको असली पाहिजे: आज आहे त्या संपत्तीवर, आणि मधल्या पैजांत हजारो जिंकून किंवा हरून झालेल्या संपत्तीवरही. ५,००० जिंकून बसल्यावर १०० गमावण्याचं काही वाटणार नाही असं जर तो म्हणत असेल, तर त्याचं शंभर पैजांना होकार देणं मुळीच विसंगत नाही. माझ्या मते बहुतेक खरी माणसं अशीच असतात. म्हणून या गोष्टीने सहकाऱ्याला मूर्ख ठरवलं असं मी म्हणणार नाही. तिने दाखवलं ते वेगळंच आणि जास्त उपयोगाचं आहे.

वेगळं म्हणजे काय? विमा कंपन्याही मोठ्या संख्येवरच जगतात ना?

खरी गंमत इथेच आहे. एका पैजेत विचलन १५० चं. शंभर पैजा *जोडल्या* तर एकूण विचलन १,५०० होतं, कमी नाही. प्रत्येक पैजेमागची सरासरी स्थिर होते, पण सरासरी खिशात ठेवता येत नाही.

आता तीच पैज *वाटून* बघा. एकच पैज, पण शंभर तुकड्यांत: प्रत्येक नाण्यावर २ मिळतील किंवा १ जाईल. अपेक्षित कमाई पहिल्या एकट्या पैजेइतकीच, ५०. विचलन मात्र १५० वरून १५ वर आलं. याला म्हणतात जोखीम विभागणं. विमा कंपनी नुसते जास्त जहाजांचे विमे उतरवून सुरक्षित होत नाही. ती तोटा अनेक भागधारकांत वाटते, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याचा धोका लहान होतो.

एक शेअर घेण्याऐवजी तीस कंपन्यांत पैसे टाकणं म्हणजे वाटणं. तेच सगळे पैसे एक वर्षाऐवजी तीस वर्षं बाजारात ठेवणं म्हणजे जोडणं. दुसऱ्या वर्षी पहिल्या वर्षाची पैज संपत नाही, संपूर्ण रक्कम पुन्हा टेबलावर जाते. ‘काळातलं विविधीकरण’ हा शब्दप्रयोग या दोन क्रियांना एकाच नावाने हाक मारतो, आणि घोळ तिथे होतो.

मग काळ जास्त असला तरी शेअरचं प्रमाण तेवढंच ठेवायचं?

सॅम्युएलसन आणि रॉबर्ट मर्टन यांनी १९६९ साली वेगवेगळ्या लेखांत हेच दाखवलं, काही अटींवर. परतावे वर्षागणिक स्वतंत्र असले, माणसाचा जोखमीकडे बघण्याचा कल त्याच्या संपत्तीच्या प्रमाणात स्थिर असला, आणि संपत्ती फक्त या गुंतवणुकीतूनच येत असली, तर शेअरचं योग्य प्रमाण काळावर अवलंबून नसतं. शेवटच्या वर्षी ६० टक्के योग्य वाटत असतील तर त्याच्या आदल्या वर्षीही तोच प्रश्न, तेच पर्याय, तोच स्वभाव. उत्तर ६० च. तीस वर्षं मागे गेलात तरी.

यातून ‘शेअर घेऊ नका’ असं काहीही निघत नाही. जास्त परताव्यासाठी शेअर घ्या, जरूर. ‘माझ्याकडे वेळ आहे’ एवढंच कारण देऊन जास्त घेऊ नका, इतकंच.

बाजार पडला की पुढे सावरतो. ते या हिशोबात कुठे आहे?

आत्तापर्यंत नव्हतं. वर्षं स्वतंत्र आहेत असं आपण धरलं होतं. वाईट वर्षांनंतर चांगली वर्षं येण्याकडे कल असेल, म्हणजे परतावे सरासरीकडे परतत असतील, तर दीर्घकाळचा चढउतार σ√T पेक्षा कमी भरेल. १९८८ साली फामा आणि फ्रेंच यांनी, आणि त्याच वर्षी पोटर्बा आणि समर्स यांनी, जुन्या आकडेवारीत अशा परतण्याच्या खुणा दाखवल्या. जेरेमी सीगल यांच्यासारखे दीर्घ मुदतीचे समर्थक याच आधारावर उभे आहेत, आणि त्यांचा मुद्दा नुसत्या नरसाळ्याच्या आलेखापेक्षा कितीतरी भक्कम आहे.

मानूया. समजा या परतण्यामुळे तीस वर्षांच्या हिशोबात वर्षाला २० ऐवजी १५ टक्केच चढउतार लागतो. ही काही लहान सवलत नाही. आपला वाईट निकाल ७४ वरून ११६ वर येतो, उत्तम २,७१७ वरून १,७३० च्या आसपास. वाईट बाजू खूपच सुधारली. या परिस्थितीत दीर्घकाळवाल्याने थोडे जास्त शेअर ठेवणं समजण्यासारखं आहे.

तरीही मूळ प्रश्नाचं उत्तर बदललं का? शेवटच्या रकमेची रुंदी एका वर्षापेक्षा कमी झाली का? वाईट आणि उत्तम यांच्यात अजून १५ पट फरक आहे, एका वर्षाला तो दोन पटही नव्हता. तीस वर्षांची रुंदी खरोखर एका वर्षाइतकी व्हायची तर वर्षाचा चढउतार २० वरून ३.७ टक्क्यांवर यायला हवा. सरासरीकडे परतण्याचा इतका जोरदार कल कोणत्याही बाजारात कोणी दाखवलेला नाही. परतण्याने नरसाळ्याचं उघडणं मंदावतं, ते बंद होत नाही.

शंभर वर्षांचा इतिहास आहे की. तीस वर्षांत तोटा झालाच नाही असं दाखवतात.

शंभर वर्षांत तीस वर्षांचे ७१ सरकते कालखंड बसतात, आणि आलेखावर ७१ ठिपके फार भारदस्त दिसतात. पण शेजारच्या दोन ठिपक्यांत २९ वर्षं सामाईक आहेत. एकमेकांत न मिसळणारे कालखंड किती? तीन. तीन वेळा नाणं पडलं आणि तिन्ही वेळा छापा आला, यावर ‘काटा पडतच नाही’ असा निष्कर्ष कोणी काढेल का?

दुसरी गोष्ट, तो इतिहास बहुतेक वेळा अमेरिकेचा असतो. आपण अमेरिकेचा इतिहास बघतो, कारण तिचा बाजार टिकला आणि भरभराटला. १९१७ नंतर रशियाच्या आणि १९४९ नंतर चीनच्या भागधारकांच्या हाती काही उरलं नाही. त्यांचा आलेख कोणी छापत नाही. जपानचा निक्केई निर्देशांक २९ डिसेंबर १९८९ ला ३८,९१५ वर बंद झाला आणि ती पातळी त्याने पुन्हा ओलांडली ती थेट २२ फेब्रुवारी २०२४ ला, ३४ वर्षांनी. लाभांश धरले तर चित्र काहीसं बरं दिसतं, पण हा काही पोरखेळ बाजार नव्हता. त्या वेळी जगातल्या सर्वांत मोठ्या बाजारांत त्याची गणना होत होती.

अनारकुलोव्हा, सेडरबर्ग आणि ओ’डोहर्टी यांनी २०२२ साली अनेक विकसित देशांची आकडेवारी, पडझड झालेल्या बाजारांसकट, एकत्र करून पाहिली. तीस वर्षं शेअर ठेवणाऱ्या गुंतवणूकदाराचे पैसे महागाईच्याही मागे राहण्याची शक्यता त्यांच्या अंदाजात १२ टक्के आली.

‘५ टक्के परतावा’ हा आकडाच चुकला असेल तर?

माझ्या दृष्टीने संपूर्ण वादातला हा सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. आपण ५ टक्के मधला परतावा असं ठामपणे लिहिलं. तो आकडा कळला कुठून? इतिहासातून. वर्षाचा चढउतार २० टक्के असेल तर शंभर वर्षांच्या इतिहासातून काढलेल्या सरासरीतही २० भागिले १०० चं वर्गमूळ, म्हणजे २ टक्क्यांची चूक राहते. खरा आकडा ३ असू शकतो, ७ असू शकतो. शंभर वर्षांचा इतिहास हाताशी असूनही.

एका वर्षासाठी ही चूक बुडून जाते: २० टक्क्यांच्या चढउतारात २ टक्के कोण मोजतो. तीस वर्षांत मात्र दरवर्षीचं नशीब एकमेकांना थोडंफार खोडतं, आणि ही चूक खोडली जात नाही. ती दरवर्षी त्याच दिशेने लागते. तीस वर्षांत २ चे ६० होतात. वर्षांच्या चढउताराचं विचरण, म्हणजे विचलनाचा वर्ग, T च्या प्रमाणात वाढतं, या अज्ञानाचं विचरण T च्या वर्गाने.

आपल्या उदाहरणात हे घातलं की तीस वर्षांचं विचलन १.१० वरून १.२५ होतं. म्हणजे वर्षाला जणू २२.८ टक्के चढउतार, एका वर्षाच्या २० पेक्षा *जास्त*. वाईट निकाल ७४ चा ५७ होतो, मुद्दलाखाली राहण्याची शक्यता ८.५ वरून ११.५ टक्क्यांवर जाते.

ल्युबोश पास्टर आणि रॉबर्ट स्टॅम्बॉ यांनी २०१२ साली हेच काम नीट, दोन शतकांच्या आकडेवारीवर केलं. परतण्याच्या कलामुळे दीर्घकाळचा चढउतार बराच कमी होतो हे त्यांनी मान्य केलं. पण आकड्यांबद्दलची अनिश्चितता ती सगळी घट भरून काढून वर उरते. म्हणजे गुंतवणूकदाराच्या नजरेतून शेअर दीर्घकाळात वर्षामागेसुद्धा जास्त अस्थिर ठरतात. नरसाळ्याच्या मूळ आलेखावरचाच हा घाव आहे.

विमा घेऊन हा धोका किती मोठा ते मोजता येईल का?

झ्वी बोडी यांनी १९९५ साली नेमकं हेच केलं. त्यांचा सवाल साधा होता: शेअर दीर्घकाळात सुरक्षित असतील तर ‘शेवटी रोख्यापेक्षा कमी मिळणार नाही’ अशी हमी देणारा विमा मुदत वाढेल तसा स्वस्त व्हायला हवा. असा विमा म्हणजे पुट ऑप्शन, ज्याची ठरलेली किंमत रोख्याच्या दराने वाढत जाते. २० टक्के चढउतार धरून, ऑप्शनची किंमत काढण्याच्या ब्लॅक-शोल्स सूत्राने १०० च्या गुंतवणुकीवर हप्ता निघतो तो असा: १ वर्षासाठी ८, १० वर्षांसाठी २५, ३० वर्षांसाठी ४२. मुदत वाढते तसा विमा महागतो. शिवाय या सूत्रात अपेक्षित परतावा येतच नाही, त्यामुळे ‘शेअर सरासरीने जास्त देतात’ हे उत्तर इथे चालत नाही.

टीकाकारांनी एक बरोबर मुद्दा काढला: हमीची पातळी बदलली की चित्र बदलतं. रोख्याइतकी नव्हे, फक्त मूळ १०० ची हमी मागितली आणि रोख्याचा दर २ टक्के धरला तर हप्ता अनुक्रमे ७, १४.६ आणि १३.८ येतो. म्हणजे आधी वाढतो, मग हळूहळू उतरू लागतो. मला बोडींची पातळी जास्त प्रामाणिक वाटते, कारण पर्याय रोख्याचाच आहे. पण ही निवड आहे, प्रमेय नव्हे.

मग तरुणांनी जास्त शेअर ठेवावेत हा सल्ला चूक?

सल्ला बहुधा बरोबर, कारण चूक. तरुण माणसाकडे बचतीशिवाय आणखी एक मोठी मालमत्ता असते: पुढची अनेक वर्षं मिळणारा पगार. समजा बचत १०० आणि पुढच्या पगाराचं आजचं मोल ९००. एकूण १,००० पैकी ४० टक्के शेअरमध्ये हवेत, म्हणजे ४००. बचत तर १०० च आहे. ती सगळी शेअरमध्ये घातली तरी कमी पडते. निवृत्तीजवळ बचत ८०० झाली, पगाराचं मोल २०० उरलं. एकूण तेवढेच १,०००, शेअर तेच ४००, पण आता ते बचतीच्या निम्मे दिसतात. जोखमीचा कल कुठेही बदललेला नाही.

बोडी, मर्टन आणि सॅम्युएलसन या तिघांनी १९९२ साली यात भर घातली: तरुणाला नुकसान झालं तर तो जास्त काम करू शकतो, निवृत्ती पुढे ढकलू शकतो. ही मुभा म्हणजे खिशातला विमाच. पण पगारच बाजाराबरोबर खालीवर होत असेल, ज्या क्षेत्राचे शेअर त्याच क्षेत्रात नोकरी असेल, तर हा युक्तिवाद उलटा फिरतो, मग वय काहीही असो.

दरमहा थोडं थोडं गुंतवलं तर?

एकरकमी गुंतवणुकीत वाईट वर्ष आधी आलं की शेवटी, याने अंतिम रकमेला काही फरक पडत नाही. गुणाकाराचा क्रम बदलून उत्तर बदलत नाही. दरमहा भर घालत गेलात की पडतो. पहिल्या वर्षांतली पडझड छोट्या रकमेवर होते, शेवटच्या वर्षांतली जवळजवळ सगळ्या पुंजीवर. तीस वर्षं गुंतवणूक केली तरी सरासरी पैसा बाजारात राहतो पंधराएक वर्षं, आणि खरी जोखीम शेवटच्या काही वर्षांत साचते.

यातून एक मजेशीर निष्कर्ष निघतो, जो इयन एअर्स आणि बॅरी नेलबफ यांनी मांडला. बाजारातली रक्कम सर्व वर्षांत समान ठेवणं हे खरोखर *वाटणं* आहे, काळातलं खरं विविधीकरण. ते साधायचं तर तरुणपणी कर्ज काढून शेअर घ्यावे लागतात. तर्क निर्दोष आहे. कर्ज काढून शेअर घेतलेल्याला पहिल्याच मोठ्या पडझडीत काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे, म्हणून मी तो कोणाला सुचवत नाही.

हे स्वतः तपासून कसं पाहायचं?

कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये. A1 मध्ये पहिली ओळ, B1 मध्ये दुसरी लिहा आणि दोन्ही खाली ५,००० ओळींपर्यंत ओढा:

```
=100*EXP(0.05*30+0.2*SQRT(30)*NORM.S.INV(RAND()))
=(A1/100)^(1/30)-1
```

A रकाना शेवटच्या रकमा, B रकाना त्यांचाच वार्षिक दर. दोन्हींचे स्तंभालेख शेजारी काढा. B चा अरुंद आणि दोन्ही बाजूंनी सारखा येईल. A चा डावीकडे गर्दी आणि उजवीकडे लांबच लांब शेपूट असा. एकाच पाच हजार आकड्यांचे हे दोन चेहरे. 30 च्या जागी 1 आणि 10 घालून पुन्हा करा (दुसऱ्या सूत्रातही). आकड्याबद्दलचं अज्ञान धरायचं असेल तर पहिल्या सूत्रात 0.05 ऐवजी हे लिहा:

```
(0.05+0.02*NORM.S.INV(RAND()))
```

एक गोष्ट मुद्दाम मोजा. मूळ सूत्राने A रकान्याची सरासरी काढा. ती ८१५ च्या आसपास येईल, मधल्या ४४८ च्या जवळजवळ दुप्पट. मग किती ओळी त्या सरासरीच्या खाली आहेत ते मोजा. पाच हजारांपैकी साधारण साडेतीन हजार निघतील. माहितीपत्रकात ‘तीस वर्षांत सरासरी इतकी रक्कम’ असं वाचाल तेव्हा ती यांतली कोणती सरासरी आहे, हे विचारून घ्या.